स्प्लीन नेमकी कुणाला लागली? मेडिसिनच्या पोस्टिंगमधल्या एका अभ्यासगटाचं प्रकरण

विदर्भातलं एक वैद्यकीय महाविद्यालय, तालुक्याच्या गावाच्या पुढे, दोन्ही बाजूंना कपाशी आणि तूर. इथला रुग्ण एसटीने किंवा गावातल्या कुणाच्या तरी गाडीने येतो. दोन दिवसांत जरा बरं वाटलं की निंदण राहिलंय, फवारणी राहिलीय, असं सांगून सुट्टी मागतो. एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाची एक बॅच जुलैच्या मध्यात आमच्या युनिटला मेडिसिनच्या आठ आठवड्यांच्या पोस्टिंगसाठी आली. मी तेव्हा त्याच युनिटमध्ये सीनियर रेसिडेंट होते. बॅचमधल्या पाच जणांनी अभ्यासगट काढला. तो पहिल्या दोन आठवड्यांत जवळजवळ मोडला आणि मग वेगळ्या पद्धतीने उभा राहिला. त्या दोन पद्धतींमध्ये नेमका काय फरक होता, ते लिहिण्यासाठी हे प्रकरण.

पाचही जणांना वसतिगृहात गावाच्या नावानेच हाक मारत, तीच नावं इथे ठेवते: चिखलीवाला, पुसदवाला, वणीवाली, तुमसरवाली आणि अपडाऊन. अपडाऊन हा वसतिगृहात राहत नव्हता. रोज चाळीसेक किलोमीटरवरून एसटीने यायचा, म्हणून ते नाव.

पहिली पद्धत आणि तिचं काय झालं

सुरुवात सगळे करतात तशीच झाली. मेडिसिनचं पुस्तक पाच भागांत वाटून घेतलं. कुणाला हृदय, कुणाला श्वसनसंस्था, कुणाला पोट, कुणाला मज्जासंस्था, आणि उरलेलं सगळं अपडाऊनच्या गळ्यात. प्रत्येकाने नोट्स काढायच्या, व्हॉट्सॲपवर टाकायच्या आणि रात्री जेवणानंतर तासभर बसून एकमेकांना समजावायच्या.

रात्रीचं बसणं आधी बारगळलं. मुलींच्या वसतिगृहाचं दार नऊला बंद होतं, मेसचं जेवण आठ-सव्वाआठपर्यंत चालतं. मध्ये उरतो जेमतेम अर्धा तास, आणि तोही लाइट असली तर. अपडाऊन तर सहाच्या गाडीनेच निघून जायचा. मग व्हॉट्सॲपवरच काम चालू राहिलं. दोन आठवड्यांत त्या गटावर पीडीएफचा ढीग झाला, पण दुसऱ्याच्या नोट्स कुणीच उघडल्या नव्हत्या. वणीवालीने स्वतः सांगितलं, "मॅडम, मी माझे हार्टचे नोट्स सोडून काहीच वाचलं नाही. आणि वॉर्डात हार्टची केसच नाही लागून राहिली."

खरी अडचण तिच्या दुसऱ्या वाक्यात होती. पोस्टिंगमध्ये अभ्यासाचा क्रम पुस्तक ठरवत नाही, वॉर्ड ठरवतो. त्या महिन्यात वॉर्डात ताप, कावीळ, सर्पदंश, जलोदर आणि दमा होता. हृदयाच्या झडपेचा एकच रुग्ण होता. त्याला धाप इतकी होती की विद्यार्थ्यांना त्याच्याजवळ जाऊ देण्याचा प्रश्नच नव्हता. नोट्स घरी बसूनही काढता येतात. खाटेवरचा माणूस मात्र चार दिवसांत गावाला जातो. त्याच्यावर गटाचा मिळून एक मिनिटही खर्च होत नव्हता.

सकाळचं क्लिनिक दहा ते एक असे. त्यात वीसजण एका खाटेभोवती उभे असतात. सर प्रश्न विचारतात, पुढचे दोघे उत्तर देतात, मागचे माना डोलावतात. पाचांपैकी तिघांनी तोपर्यंत एकही पूर्ण केस स्वतः मांडलेली नव्हती. लॉगबुकात मात्र सह्या होत्या.

बदल कशात केला

तिसऱ्या आठवड्यात तुमसरवालीने पहिला बदल सुचवला. तो वेळेचा होता. आमच्या युनिटचा ओपीडी आणि ॲडमिशनचा दिवस सोमवार आणि गुरुवार. त्या दोन दिवसांत नवे रुग्ण भरती होतात. ती म्हणाली, गटाचं बसणं या दिवसांना बांधू. सोमवारी नको, कारण त्या दिवशी वॉर्डात पाय ठेवायला जागा नसते आणि रेसिडेंट बोलायच्या मनःस्थितीत नसतात. बुधवारीही नको, कारण तोपर्यंत अर्ध्या तपासण्या होऊन निदान फाईलवर लिहिलेलं असतं आणि एखाद्याला सुट्टीही झालेली असते. म्हणून मंगळवार आणि शुक्रवार. रुग्ण आदल्या दिवशी आलेला, थोडा स्थिरावलेला, निदान अजून पूर्ण झालेलं नाही.

ज्यांना असा गट काढायचा आहे त्यांनी आधी आपल्या युनिटचा ॲडमिशनचा दिवस बघावा आणि मगच वेळापत्रक आखावं. "रोज एक तास" असं ठरवलेले गट मी बरेच पाहिलेत, त्यातला महिनाभर टिकलेला फारसा आठवत नाही.

वेळ ठरली पावणेपाच ते साडेपाच. चारला शेवटचं लेक्चर संपतं, मध्ये चहा होतो, अपडाऊनला सहाची गाडी मिळते आणि मुलींना दाराची घाई नसते. ही वेळ भेटीची असल्यामुळे वॉर्डात नातेवाइकांची गर्दी असते. सुरुवातीला पुसदवाल्याला तीच अडचण वाटत होती. पुढे ती फायद्याची कशी ठरली ते खालच्या केसमध्ये येईलच. तिसरं बसणं रविवारी सकाळी, फक्त अर्ध्या तासाचं, रुग्णाशिवाय. त्यात आठवड्याची वही मिटवायची. अपडाऊन त्यात फोनवरून सामील व्हायचा, नेटवर्क असलं तर.

दुसरा बदल कामांच्या वाटणीत झाला. विषय वाटून घेणं बंद करून भूमिका वाटल्या. त्या दर बसण्याला फिरायच्या, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला प्रत्येक काम यायचं.

मांडणारा एकच. त्याने सकाळी दहाच्या आधी रुग्ण निवडायचा. निवडताना ड्युटीवरच्या रेसिडेंटला दोन गोष्टी विचारायच्या: याला आज सुट्टी आहे का, आणि संध्याकाळी हा सोनोग्राफीला किंवा डायलिसिसला जाणार आहे का. हे न विचारल्यामुळे आधी एकदा पाचहीजण रिकाम्या खाटेपाशी उभे राहिले होते. मग रुग्णाला विचारायचं: संध्याकाळी आम्ही दोघं-तिघं येऊ, चालेल का? तो नको म्हणाला तर विषय संपला, दुसरा रुग्ण शोधायचा. मांडणाऱ्याने दुपारपर्यंत स्वतः हिस्ट्री घ्यायची, स्वतः तपासायचं आणि फाईल उघडायची नाही. या शेवटच्या अटीवर सगळ्यांत जास्त कुरकुर झाली, आणि सगळ्यांत जास्त उपयोगही तिचाच झाला. फाईलमध्ये रेसिडेंटने निदान लिहिलेलं असतं, सोनोग्राफीचा रिपोर्ट लावलेला असतो. तो वाचून पोटावर हात ठेवला की हाताला तेच लागतं जे कागदावर आहे.

परीक्षक दुसरा. त्याला रुग्ण आधी दाखवायचा नाही. तो परीक्षेतल्या सरांसारखा बसून ऐकतो आणि विचारतो. ताळा करणारा तिसरा. मांडणाऱ्याने सांगितलेल्या खुणांपैकी ज्या दोन-तीनवर निदान उभं आहे, त्या तो खाटेपाशी जाऊन स्वतः पुन्हा तपासतो, मांडणाऱ्यासमोर. चौथ्याकडे वही. ज्या प्रश्नाचं उत्तर तिथे कुणालाच देता आलं नाही तो प्रश्न, तारीख आणि उत्तर आणणाऱ्याचं नाव, एवढंच त्यात लिहायचं. पाचव्याकडे घड्याळ आणि रुग्ण. रुग्ण दमतोय का, पडदा ओढलाय का, अंगावर पांघरूण आहे का, नातेवाईक अस्वस्थ होताहेत का, हे त्याने पाहायचं आणि गरज पडली तर सगळ्यांना बाहेर काढायचं. गटातल्या दोघांनीच रुग्णाला हात लावायचा, मांडणाऱ्याने आणि ताळा करणाऱ्याने. पाच जणांनी एकामागून एक पोट दाबलं तर शेवटच्या दोघांना पोट घट्टच लागणार, कारण दुखऱ्या पोटाने रुग्ण अंग आखडून घेतो. ज्यांचा हात त्या दिवशी लागला नाही त्यांची पाळी पुढच्या बसण्याला.

पंचेचाळीस मिनिटांचे तुकडे असे पडले: आठ मिनिटं केस मांडायची, दहा मिनिटं परीक्षकाचे प्रश्न, मग खाटेपाशी बारा मिनिटं, परत येऊन दहा मिनिटं फाईल उघडून चर्चा आणि शेवटची पाच वहीला. बसायची जागा वॉर्डाबाहेरच्या व्हरांड्याच्या टोकाला, पाण्याच्या टाकीजवळ. डेमो रूमची किल्ली मिळवण्यात वेळ जायचा, म्हणून तो नाद सोडला.

एक मंगळवार

ऑगस्टचा पहिला आठवडा. मांडणारा चिखलीवाला, परीक्षक तुमसरवाली, ताळा पुसदवाल्याकडे, वही वणीवालीकडे, घड्याळ अपडाऊनकडे. मी त्या दिवशी ड्युटीवर होते आणि पलीकडच्या टेबलावर डिस्चार्ज कार्डं लिहीत होते, त्यामुळे जवळजवळ सगळं कानावर पडलं.

रुग्ण वीस वर्षांचा, शेतमजुरी करणारा. चार दिवस ताप, डोळे पिवळे, हातपाय आणि कंबर ठणकते. चिखलीवाल्याने हिस्ट्री नीट सांगितली: भूक कमी, दारू नाही, घरात कुणाला कावीळ नाही, गावात विहिरीचं पाणी. पूर्वी काही आजार? नाही. तपासणीत ताप, डोळे थोडे पिवळे, लिव्हर एक बोट लागते, स्प्लीन लागत नाही. निदान: व्हायरल हिपॅटायटिस. आठ मिनिटांऐवजी अकरा लागली. अपडाऊनने घड्याळ दाखवलं, तरी बोलणं थांबवलं नाही. पहिलीच वेळ होती, ठीक आहे.

तुमसरवालीने पहिला प्रश्न विचारला, "कंजंक्टायव्हा पाहिला का? पेलर आहे का?" चिखलीवाला अडखळला. पिवळं दिसलं म्हणून पुढे पांढरेपणा शोधलाच नव्हता. दुसरा प्रश्न, "लघवीचा रंग?" त्याने विचारला होता: लघवी नेहमीसारखी, शौचाला रंग आहे. इथे ती थांबली आणि म्हणाली, मग हिपॅटायटिसची कावीळ कशी? त्यात बिलिरुबिन लघवीत उतरतं, लघवी गडद होते. डोळे थोडेच पिवळे, लघवी साधी, आणि पेलर असलाच, तर रक्तपेशी फुटत असतील. तिसरा प्रश्न, "स्प्लीन कुठून सुरुवात करून पाहिली?"

"डाव्या बरगडीखालून."

पाचही जण खाटेपाशी गेले आणि अपडाऊनने पडदा ओढला. पुसदवाल्याने आधी खालची पापणी ओढून पाहिली. ती पांढरीफटक होती. मग रुग्णाचे गुडघे वाकवून घेतले, तोंडाने श्वास घ्यायला सांगितलं, आणि हात उजव्या कुशीत, नाभीच्या खालच्या बाजूला ठेवून तिथून तिरका वर डाव्या बरगडीकडे सरकवत नेला. प्रत्येक श्वासाला बोटं थोडी पुढे. डाव्या बरगडीच्या सहा सेंटिमीटर खाली कड बोटाला येऊन टेकली. श्वासाबरोबर खाली सरकत होती, वरच्या बाजूला बरगडी आणि तिच्यामध्ये बोट जात नव्हतं. मग चिखलीवाल्याचा हात धरून त्याच जागी ठेवला.

चूक कुठे झाली होती ते आता त्याच्या हातालाच कळलं. बरगडीखालून सुरुवात केली की बोटं वाढलेल्या स्प्लीनवरच बसतात. खाली सगळं सारखंच घट्ट लागतं, कड कुठेच येत नाही, आणि माणूस "लागत नाही" असं लिहितो. स्प्लीन जितकी मोठी तितकी ती अशी सुटण्याची शक्यता जास्त. म्हणून सुरुवात उजव्या इलियक फॉसापासून.

एवढ्यात रुग्णाची आई डबा घेऊन आली. वणीवालीने तिला सहज विचारलं, मावशी, याला लहानपणी काही झालं होतं का?

"ल्हानपणी दोनदा रगत चढोलं होतं जी. सांधे दुखाचे त्याचे, रातभर रडे."

पोराला ते आठवत नव्हतं, किंवा सांगायचं नव्हतं. संध्याकाळच्या गर्दीचा फायदा म्हणतात तो हा. सकाळी दहाला आई शेतात किंवा एसटीत असते. हिस्ट्रीचा अर्धा भाग तिच्याजवळ, आणि ती येते भेटीच्या वेळेला.

व्हरांड्यात परत आल्यावर खरी जुंपली. वणीवाली म्हणाली, हा सिकल सेल. पुसदवाला म्हणाला, शक्यच नाही. सिकलमध्ये लहानपणीच स्प्लीन सुकून जाते, ऑटोस्प्लेनेक्टमी, पुस्तकात स्पष्ट आहे, आणि ही तर मीच आत्ता सहा सेंटिमीटर मोजली. दोघांचंही म्हणणं चुकीचं नव्हतं, त्यामुळे वाद वाढत गेला. चिखलीवाल्याने मोबाईल काढला. अपडाऊनने तो हातातून घेतला आणि म्हणाला, "दोन मिनिटं झाली. वहीत."

हा नियमही त्यांचाच होता. कुठल्याही वादाला दोन मिनिटं, मग तो वहीत. मोबाईलवर शोधायचं नाही. शोधलं की पाच जण पाच ठिकाणचं वाचतात आणि बसणं संपतं.

फाईल उघडली. हिमोग्लोबिन 6.8. मलेरियाची स्लाइड, जी ऑगस्टमध्ये आमच्याकडे ताप आणि स्प्लीन असलेल्या प्रत्येकाची काढतातच, निगेटिव्ह. सोल्युबिलिटी टेस्ट पॉझिटिव्ह, एचपीएलसी पाठवलेलं. वहीत प्रश्न उतरला: "वीस वर्षांच्या सिकलच्या पेशंटला स्प्लीन का आहे? उत्तर: पुसद, बुधवार सकाळ, राउंडच्या आधी, मॅडमना विचारून."

बुधवारी तो आला. मी त्याला सांगितलं ते थोडक्यात असं. स्प्लीन लहानपणीच सुकते हे वर्णन मुख्यतः आफ्रिकी वंशाच्या रुग्णांवरून आलेलं आहे. मध्य भारतातल्या रुग्णांत सिकलच्या जनुकाबरोबर येणारी पार्श्वभूमी वेगळी असते. तिला अरब-इंडियन हॅप्लोटाइप म्हणतात. त्यात गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन, म्हणजे हिमोग्लोबिन एफ, जास्त टिकतं. ते पेशी विळ्यासारख्या वाकायला अडथळा करतं, त्यामुळे स्प्लीनमधल्या बारीक रक्तवाहिन्या हळू बंद पडतात आणि मोठेपणीही ती हाताला लागते. दुसरी शक्यता त्याने स्वतः विचारली याचं मला बरं वाटलं: एका पालकाकडून सिकल आणि दुसऱ्याकडून बीटा थॅलेसेमिया आला असेल तर? बरोबर, तिथेही स्प्लीन मोठी राहते. त्यासाठी पेशींचा आकार लहान आहे का आणि हिमोग्लोबिन ए-टू वाढलंय का ते बघायचं, आणि आईवडिलांची तपासणी करायची. आणि एक बजावणी: स्प्लीन हाताला लागते म्हणजे ती काम करतेच असं नाही. न्यूमोकोकसची लस आणि ताप आला की लगेच दवाखाना, हे या रुग्णालाही तितकंच लागू.

एचपीएलसी आलं तेव्हा त्यात हिमोग्लोबिन एस बहुतांश, एफ वाढलेलं, ए नाहीच. ए-टू वाढलेलं नव्हतं आणि पेशींचा आकारही लहान नव्हता. रुग्णाला हायड्रॉक्सीयुरिया सुरू झाली. भंडारा-गोंदियापासून गडचिरोली-यवतमाळपर्यंत हा आजार वॉर्डात रोजचा आहे. तरी परीक्षेला आमची पोरं पुस्तकातलं वाक्य सांगून गुण घालवतात, कारण समोरच्या खाटेवरच्या माणसाशी ते वाक्य कुणी ताडून पाहिलेलं नसतं.

वेळ कुठे सांडत होता

नव्या पद्धतीतही वेळ सांडायचाच, फक्त जागा बदलल्या. पहिली गळती उशिरा येणाऱ्याची. पाचवा येईपर्यंत चौघे चहा घेत थांबायचे. ठरलं असं: पावणेपाचला तिघे असले की सुरू. मांडणाराच आला नाही तर त्या दिवशी परीक्षक जो रुग्ण समोर दिसेल त्याची फक्त तपासणी करून दाखवेल. असं एकदाच झालं, आणि मग मांडणारा पुन्हा कधी चुकला नाही.

दुसरी गळती औषधांची. परीक्षकाच्या दहा मिनिटांत गाडी डोस आणि कोर्सवर गेली की पीजीच्या प्रवेश परीक्षेचे बहुपर्यायी प्रश्न सुरू व्हायचे, आणि रुग्ण विसरला जायचा. नियम केला की परीक्षकाचे प्रश्न हिस्ट्री, खुणा आणि निदानाच्या कारणांपुरतेच. औषधं फाईल उघडल्यावरच्या दहा मिनिटांत, तिच्यात जी लिहिलीत तेवढीच: ती का दिली आणि काय बघायचं. बहुपर्यायी प्रश्न ज्याला सोडवायचे त्याने खोलीत एकट्याने सोडवावेत. त्याला गट कशाला हवा?

तिसरी, व्हॉट्सॲप. पीडीएफ टाकणं बंद. गटावर तीनच गोष्टी येऊ शकत: मांडणाऱ्याचा सकाळचा एक निरोप ("आज पुरुष वॉर्ड, ताप व कावीळ"), बसणं रद्द झाल्याचा निरोप, आणि वहीतल्या प्रश्नाचं चार ओळींत उत्तर. रुग्णाचं नाव, खाटेचा क्रमांक, कागदाचा किंवा अंगावरच्या खुणेचा फोटो, यातलं काहीही नाही. तुमसरवालीने एकदा सोनोग्राफीच्या रिपोर्टचा फोटो टाकला होता. वणीवालीने तो तिथल्या तिथे काढायला लावला.

चौथी जरा वेगळी. जोशात येऊन गुरुवारी संध्याकाळी अपघात विभागात बसायचा प्रयत्न झाला. पावसाळा, सर्पदंशाचा रुग्ण आलेला. काचेच्या कोरड्या, नव्या नळीत दोन मिली ताजं रक्त घेऊन ती वीस मिनिटं न हलवता ठेवायची असते, गोठलं की नाही हे बघायला. तेवढ्या वेळात केस घेऊ, असा त्यांचा हिशेब. त्या वीस मिनिटांत सिस्टरची, रेसिडेंटची आणि नातेवाइकांची धावपळ चालू असते. पाच जणांपैकी कुणाचा तरी धक्का नळीला लागला असता तर ती चाचणी वाया. मी त्यांना बाहेर काढलं. अपघात विभागात एकेकट्याने ड्युटीवरच्या डॉक्टरच्या मागे उभं राहून पाहावं. गटाची ती जागा नव्हे.

पोळ्याच्या आठवड्यात वॉर्ड निम्मा रिकामा होतो. सणाला जमेल त्याला घरी जायचं असतं, आणि पोरांनाही. त्या आठवड्यात मंगळवारचं बसणं रद्द न करता जुन्या वहीतले प्रश्न उलटे विचारले: उत्तर वाचायचं, प्रश्न ओळखायचा. पंधरा मिनिटांत आटपलं आणि ज्याला गाडी धरायची त्याने धरली.

पाचही जण एकत्र चुकले तेव्हा

गटाचा एक धोका मात्र त्यांच्या नियमांनी टळत नव्हता. तो मला जलोदराच्या एका रुग्णावर दिसला. पुसदवाला शिफ्टिंग डलनेस दाखवत होता. नाभीपासून कुशीकडे टकटक करत आवाज बद्द झाला तिथे थांबला, बोट तिथेच ठेवून रुग्णाला पलीकडच्या कुशीवर वळवलं आणि लगेच पुन्हा टकटक केली. आवाज बद्दच. "शिफ्टिंग नाही." ताळा करणाऱ्या वणीवालीनेही तेच केलं आणि तेच सांगितलं. पाचहीजण एकमताने म्हणाले, पाणी नाही.

पाणी होतं. वळवल्यावर द्रव खाली सरकायला आणि आतडी वर यायला वेळ लागतो. निदान अर्धा मिनिट थांबावं लागतं, तेव्हा आवाज बदलतो. ही घाई पुसदवाल्याची होती, पण गटात तो हाताचा चांगला म्हणून बाकीच्या चौघांनी त्याच्याकडूनच ती उचलली होती. ताळा करणारा जर मांडणाऱ्याकडूनच शिकलेला असेल, तर ताळा जुळतोच.

त्यानंतर दर शुक्रवारी शेवटची दहा मिनिटं बाहेरच्या कुणाला तरी द्यायचं ठरलं. मी, दुसरा रेसिडेंट किंवा वॉर्डातली जुनी इंटर्न. काम एकच: त्या आठवड्यात जमली असं वाटलेली एक खूण करून दाखवायची आणि बाहेरच्याने फक्त हात बघायचा. शिकवायचं नाही. दहा मिनिटं कुणीही देतं. तासभर मागितला तर नाही म्हणणं भाग पडतं.

गट चालतोय की नाही हे त्यांनी दोन गोष्टींवरून मोजलं. एक, केस मांडायला लागणारा वेळ. सहाव्या आठवड्यापर्यंत चौघे आठ मिनिटांच्या आत आले. चिखलीवाला शेवटपर्यंत दहाला राहिला, पण पेलर विसरायचा थांबला. दोन, वहीतले उघडे प्रश्न. रविवारी पाचपेक्षा जास्त उघडे राहिले तर पुढच्या मंगळवारी नवी केस नाही, आधी तेच मिटवायचे. असं दोनदा झालं. दोन्ही वेळा कारण एकच: प्रश्न फार मोठा लिहिला होता, "कावीळ वाचणे" असा. वणीवालीने मग लाल पेनने वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं की प्रश्नात प्रश्नचिन्ह नसेल तर तो प्रश्न नाही.

पुढच्या पोस्टिंगला

सप्टेंबरच्या मध्यात बॅच सर्जरीला गेली आणि वेळापत्रक तसंच उचलून नेता आलं नाही. तिथे ओटीचे दिवस वेगळे. ऑपरेशन झालेल्या रुग्णाच्या पोटाला हात लावायचा नसतो, त्यामुळे केस ओटीच्या आदल्या संध्याकाळी, भरती झाल्याबरोबर घ्यावी लागते. त्यांनी बसणं ओटीच्या आदल्या दिवशी हलवलं आणि ताळा करणाऱ्याला एक जादा काम दिलं: दुसऱ्या दिवशी ओटीत किंवा ओटी नोट्समध्ये काय सापडलं ते आणून मांडणाऱ्याच्या निदानाशेजारी लिहायचं. चिखलीवाल्याची दुसरी बॅच लागल्याने तो गटातून बाहेर पडला. चौघांत घड्याळ वहीवाल्याकडेच गेलं.

स्त्रीरोग विभागात लेबर रूमला वेळापत्रक नसतंच. तिथे त्यांनी एकत्र बसणं आठवड्याला एकावर आणलं आणि जोड्या करून रात्रपाळी लावली: मुलींची जोडी एका रात्री, पुसदवाला आणि अपडाऊन दुसऱ्या. अपडाऊन त्या रात्री पुसदवाल्याच्या खोलीवर राहायचा. वॉर्डनकडून त्यासाठीचा कागद तुमसरवालीनेच लिहून आणला.